आधी सर्व्हिस, मग किंमत: ठाण्यातल्या कूलर दुकानदाराची उन्हाळी मोहीम

ठाण्यातल्या छोट्या दुकानांसाठी पत्रकं, बोर्ड आणि व्हॉट्सॲपचे मेसेज लिहिणं हे माझं काम. काही वर्षांपूर्वी एका कूलर विक्रेत्यासाठी मी ओळ लिहिली होती, ‘एसीसारखा गारवा, पंख्याच्या खर्चात’. पत्रकं पेपरमधून घरोघरी गेली, पाडव्याच्या आठवड्यात दुकानासमोर टेम्पो लागले. मग मे उजाडला. लोक कूलर परत घेऊन यायला लागले, त्यातल्या एका आजोबांनी माझंच पत्रक घडी घालून खिशात आणलं होतं. कूलर बिघडला नव्हता. माझी ओळ खोटी होती. त्या पत्रकाचा पश्चात्ताप मला अजून आहे, आणि त्यानंतर मी कूलरची मोहीम उलट्या क्रमाने आखायला लागलो. आधी सर्व्हिस किती झेपेल ते मोजायचं, त्यावरून किती नग विकायचे ते ठरवायचं, मग किंमत, मग विजेची ओळ आणि सगळ्यात शेवटी जाहिरात.

खाली जी आखणी सांगतोय ती वर्तकनगरच्या बाजूच्या एका दुकानासाठी केलेली आहे. दुकान नवरा-बायको चालवतात. काउंटर आणि हिशेब वहिनींकडे, खरेदी आणि माणसं दादांकडे. एक कायमचा मेकॅनिक, डिलिव्हरीला एक मुलगा. आदल्या हंगामात त्यांनी २१० कूलर विकले होते आणि यंदा ३०० विकायचे होते.

ठाण्याची हवा कूलरला कधी साथ देते

किंमत, वीज आणि सर्व्हिस या तिन्ही गोष्टींची गाठ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

कूलर हवा गार करतो ते पाण्याचं बाष्पीभवन करून. हवेत आधीच ओलावा जास्त असेल तर पाणी कमी उडतं आणि हवा कमी गार होते. हवा जास्तीत जास्त कुठपर्यंत उतरू शकते त्याला एक तळ असतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, तो हा तळ. चांगल्या हनीकोंब पॅडचा कूलर त्या तळापर्यंतच्या अंतरापैकी साधारण तीन चतुर्थांश अंतर कापतो.

आता मार्चअखेरची दुपार घ्या. पूर्वेकडून जमिनीवरचा गरम वारा वाहतोय, खाडीकडचा वारा उशिरा सुटणार आहे. बाहेर ३७ अंश, आर्द्रता ३५ टक्के. अशा हवेचा तळ २५ अंशांच्या आसपास येतो. अंतर १२ अंशांचं, त्यातले ९ कूलर उतरवतो, म्हणजे जाळीतून २८ अंशांची हवा येते. माणूस खूश.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातली रात्र घ्या. ३२ अंश, आर्द्रता ७० टक्के, तळ साडेसत्तावीस. अंतरच साडेचार अंशांचं, त्यामुळे हवा साडेतीन अंशांनीही धड उतरत नाही. जाळीतून साडेअठ्ठावीसची हवा येते. आकडा मार्चइतकाच दिसतो, पण ती हवा ओलीचिंब असते. घाम वाळत नाही, चादर दमट लागते आणि खिडकी बंद असेल तर तासाभरात खोलीत कोंदट वास सुटतो. कूलर तोच, मेकॅनिकच्या दृष्टीने ठणठणीत, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही फसवलंत.’

म्हणून ठाण्यात गारव्याची जाहिरात करायचा काळ म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत. नागपूरला मेभर तीच जाहिरात चालेल, कारण तिथली हवा कोरडी असते. वरून आलेलं कंपनीचं पोस्टर मे महिन्यात ठाण्यात जसंच्या तसं लावू नका. इकडे पाऊस साधारण ११ जूनला येतो, पण कूलरचा हंगाम त्याच्या बराच आधी संपतो.

पहिली पायरी: मागच्या वर्षीचं तक्रारींचं रजिस्टर

दादांकडे लांब वही होती. तारीख, फोन, पत्ता, तक्रार. आम्ही तिघं एका रविवारी ती घेऊन बसलो आणि सगळ्यात गर्दीचा आठवडा शोधला. एप्रिलचा दुसरा आठवडा, ३४ तक्रारी. त्यातल्या १५ तक्रारींत लिहिलं होतं ‘गार हवा येत नाही’. पंप अडकला, पाणी चढत नाही किंवा गळतंय अशा ११. आवाज येतो, झडपा हलत नाहीत अशा ५. बाकी किरकोळ ३.

पहिल्या १५ पैकी मेकॅनिकने खरा बिघाड लिहिला होता फक्त चार ठिकाणी. उरलेल्या ११ घरी कूलर बंद खोलीत होता, किंवा खिडकीपासून लांब, किंवा खोलीच्या मानाने लहान. या ११ फेऱ्या मशीनमुळे झाल्या नाहीत, विकताना न सांगितल्यामुळे झाल्या. त्या फेऱ्यांचं पेट्रोल आणि वेळ दुकानाच्या नफ्यातून गेला होता.

आता झेपण्याचा हिशेब. एक मेकॅनिक दिवसाला सहा घरं नीट करतो. वर्तकनगर, नौपाडा, वागळे इस्टेटमध्ये सात होतात. घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या पुढे गेला की चार-पाचच होतात. सहा दिवसांची ३६ घरं. म्हणजे ३४ तक्रारींच्या आठवड्यात तो आधीच काठोकाठ भरलेला होता. ३०० कूलर विकले तर त्याच प्रमाणात आठवड्याला ४८-४९ तक्रारी येणार. डझनभर तक्रारी पुढच्या आठवड्यात सरकणार, आणि ‘४८ तासांत सर्व्हिस’ असं छापलेलं असेल तर ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच खोटं ठरणार.

दोन उपाय ठरले. एक, १५ मार्च ते १५ मे दुसरा मेकॅनिक, महिना १८,००० रुपये. दोन महिन्यांचे ३६,००० म्हणजे ३०० कूलरवर नगामागे १२० रुपये. दोन, काउंटरवर तीन प्रश्न विचारल्याशिवाय कूलर विकायचा नाही. ते प्रश्न पुढे सांगतो.

तुमच्याकडे रजिस्टरच नसेल तर यंदा संख्या वाढवू नका. मागच्या वर्षीइतकीच विका आणि यंदा वही लिहा.

दुसरी पायरी: वचन कागदावर उतरवणं

‘त्वरित सर्व्हिस’, ‘तत्पर सेवा’ हे शब्द मी पत्रकातून काढून टाकतो. त्यांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो, आणि दुपारी घामाने निथळणाऱ्या माणसाच्या लेखी ‘त्वरित’ म्हणजे आत्ता. त्याऐवजी आम्ही हे लिहिलं:

‘सकाळी ११ पर्यंत तक्रार नोंदवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत आमचा माणूस तुमच्या दारात. कापूरबावडीच्या पुढे घोडबंदर रोडला मंगळवारी आणि शुक्रवारी फेरी. माणूस उशिरा आला तर पुढची एक सफाई आमच्याकडून.’

यातला प्रत्येक शब्द तोलला आहे. माणूस दारात येईल असं म्हटलंय, दुरुस्त होईल असं नाही, कारण मोटर बदलायची असेल तर ती कंपनीकडून यावी लागते आणि त्याला किती दिवस लागतील ते दुकानाच्या हातात नाही. कूलरवर साधारण वर्षभराची वॉरंटी असते ती कंपनीची. तिची नोंदणी, बिल आणि कंपनीचा तक्रार क्रमांक गिऱ्हाइकाला वेगळ्या कागदावर द्यायचा. पॅड, पाण्याची नळी, फुटलेलं प्लास्टिक वॉरंटीत बहुतेक येत नाही. कंपनीचं कार्ड वाचून ते बिलाच्या मागे मराठीत छापून घ्या. वहिनी त्या ओळींवर पेनाने खूण करून, ‘काका, हे एवढं वाचून घ्या’ म्हणतात. त्यात अर्धं मिनिट जातं, पण मेमध्ये होणारं भांडण टळतं.

घोडबंदरला दोन ठरलेले वार दिले तेव्हा दादांना वाटलं गिऱ्हाईक तुटेल. तसं झालं नाही. शुक्रवारी येणार म्हणून माणूस शुक्रवारीच आला तर लोक थांबतात. ‘आज येतो’ म्हणून परवा आलेला माणूस मात्र त्यांना चालत नाही.

तिसरी पायरी: किंमत

मोहिमेत सगळ्यात जास्त विकायचा म्हणून ४० लिटरच्या आसपासचा एकच मॉडेल निवडला. करासकट खरेदी ७,६५० रुपये, बाजारात विक्री ८,४९९ च्या आसपास. फरक ८४९ रुपये, पण त्यात १८ टक्के जीएसटी आहे. ८४९ ला १.१८ ने भागलं की हातात राहतात ७२०. पुष्कळ दुकानदार इथेच चुकतात आणि ८४९ हाच नफा धरून सूट देतात.

त्या ७२० मधून घरपोच पाठवायचे १५०, घरी जाऊन बसवून आणि समजावून द्यायचे १२०, सर्व्हिससाठी राखीव २०० (दुसऱ्या मेकॅनिकचे १२० आणि पेट्रोल, किरकोळ भागांचे ८०), जाहिरातीचे नगामागे ६०. उरतात १९० रुपये.

समोरच्या दुकानाने ७,९९९ चा बोर्ड लावला म्हणून दादाही ५०० ची सूट द्यायला निघाले होते. हिशेब केला. फरक उरतो ३४९, कर वजा करून २९६, आणि खर्च ५३०. प्रत्येक कूलरवर २३४ रुपये खिशातून. ते कुठून भरणार? सर्व्हिसमधूनच. दुसरा मेकॅनिक रद्द होतो आणि एप्रिलमध्ये कुणी फोन उचलत नाही. स्वस्त कूलरची सर्व्हिस वाईट असते असं लोक म्हणतात, त्यामागे एवढंच गणित आहे.

मग आम्ही एका किमतीच्या दोन केल्या.

पहिली ८,१९९, दुकानातून घेऊन जा. डिलिव्हरी नाही, घरी बसवून देणं नाही, पण दारात माणूस येण्याचं वचन यालाही लागू. फरक ५४९, कर वजा करून ४६५, त्यातून सर्व्हिस आणि जाहिरातीचे २६० गेले की उरतात २०५.

दुसरी ८,६९९, घरपोच, बसवून आणि हंगामात एक सफाई. फरक १,०४९, कर वजा करून ८८९. डिलिव्हरी १५०, बसवणं १२०, सफाई १५०, सर्व्हिस २००, जाहिरात ६०, एकूण ६८०. उरतात २०९.

दोन्हीकडे दुकानाला जवळपास सारखेच पैसे उरतात. त्यामुळे वहिनींना कुणालाही महागड्या बाजूला ढकलावं लागत नाही. ऑनलाइन किंमत मोबाइलवर दाखवणारा मुलगा ८,१९९ वर समाधानी होतो, आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी ८,६९९ आनंदाने देतात. कार्ड किंवा हप्त्यावर घेतला तर मशीनवाल्याचे दीड-दोन टक्के कापले जातात, तेवढ्याने हे २०० अर्ध्याच्याही खाली येतात, म्हणून या दोन्ही किमती रोख आणि यूपीआयसाठी ठेवल्या.

एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटणार होती. २०० जणांनी दुसरा पर्याय घेतला तर २०० सफाया होतात, आणि त्या एप्रिलच्या गर्दीतच आल्या तर दोन मेकॅनिकही बुडतील. म्हणून सफाई १५ एप्रिल ते ३१ मे या काळात, तारीख दुकान ठरवणार, असं छापलं. ती करणार डिलिव्हरीचा मुलगा, नगावर पैसे घेऊन, कारण एप्रिलच्या मध्यानंतर त्याच्या डिलिव्हरी कमी झालेल्या असतात. आठवड्याला तीसेक घरं येतात आणि ती त्याला झेपतात.

बोर्डावर ‘५,४९९ पासून’ लिहायचं असेल तर तो कूलर दुकानात पुरेसा असला पाहिजे. दोन नग ठेवून बाकीच्यांना महागडं दाखवणं याला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आमिषाची जाहिरात म्हटलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला विक्रेत्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चौथी पायरी: विजेची ओळ

विजेची बचत हा मोहिमेतला सगळ्यात निसरडा भाग आहे. ‘एसीच्या एक दशांश वीज’ असं लिहिलेलं मी जागोजागी वाचतो. वॅट भागून पाहिले तर ते जवळपास जमतंही, पण वाचणाऱ्याला ऐकू येतं की कूलर एसीचंच काम दहाव्या हिश्शात करतो. कूलर खोलीतला ओलावा काढत नाही, वाढवतो. दोन वेगळ्या कामांची वीज शेजारी ठेवायची नाही.

आम्ही सॉकेटमध्ये लावायचा एक छोटा वॅटमीटर आणला आणि दुकानातला कूलर त्यावर लावला. पंप चालू, वेग सर्वांत जास्त असताना १७२ वॅट. कमी वेगावर ११८. पूर्ण वेगावर आठ तास म्हणजे १.३८ युनिट, महिन्याला ४१. पत्रकात लिहिलं:

‘रात्रभर, म्हणजे आठ तास, पूर्ण वेगावर चालवला तर साधारण दीड युनिट. महिन्याला ४० ते ४५. दुकानात मीटर लावलाय, येऊन बघा.’

रुपये छापले नाहीत. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटपर्यंत एक टप्पा आणि १०१ ते ३०० दुसरा, आणि त्यांच्या दरात मोठा फरक आहे. ज्या घराचं बिल ८० युनिटचं असतं त्यांना कूलरच्या ४१ युनिटांपैकी २१ वरच्या दराने पडतात. ज्यांचं आधीच १८० आहे त्यांना सगळेच्या सगळे वरच्या दराने. कळवा-मुंब्रा बाजूला वीज टोरंटकडे आहे, तिथलं गिऱ्हाईक आलं तर त्याचं तेच बिल बघायचं. त्यामुळे वहिनी म्हणतात, ‘ताई, तुमचं मागचं बिल मोबाइलवर आहे ना? काढा, आत्ताच बघू.’ बिलावर टप्प्यांचे दर असतात. समोर बसून काढलेला आकडा माणूस लक्षात ठेवतो.

आणि एक प्रामाणिक वाक्य सांगायलाच हवं. ज्यांच्याकडे आज फक्त पंखा आहे त्यांचं बिल कूलरने वाढणार आहे. वीज वाचते ती, कूलर घेतला म्हणून एसी घेणं टळलं तरच. हे ऐकून उठून गेलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

पाचवी पायरी: काउंटरवरचे तीन प्रश्न

खोली केवढी, समोरासमोर हवा जायला जागा आहे का, आणि पाणी कुठलं.

खोलीचा हिशेब असा. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट, म्हणजे १,१४० घनफूट, जवळपास ३२ घनमीटर. खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे, तासाला ३० वेळा. म्हणजे तासाला साधारण ९७० घनमीटर हवा. खोक्यावर हाच आकडा छापलेला असतो, पण तो उत्तम परिस्थितीतला असतो, म्हणून पाव भाग जास्त धरून १,२०० च्या पुढचा कूलर दाखवायचा. टाकीचे लिटर बघून खोली ठरवू नका. लिटरवरून फक्त पाणी किती वेळ पुरेल ते कळतं. कोरड्या दुपारी हा कूलर तासाला पाच लिटरच्या आसपास पाणी पितो, दमट रात्री त्याच्या निम्मंही नाही. टाकी रिकामी होत नाहीये अशी तक्रार आली की समजायचं, हवाच दमट आहे.

हवेची वाट हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कूलर खिडकीत किंवा खिडकीला पाठ करून, आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी. एका संध्याकाळी मी दुकानात होतो तेव्हा लोकमान्यनगरहून एक जण आले होते.

‘खोली दहा बाय दहा. एकच खिडकी, ती पण गल्लीत उघडते.’

‘दार समोर आहे का खिडकीच्या?’ वहिनींनी विचारलं.

‘नाही, दार बाजूला. आणि रात्री बंदच ठेवतो, पोरं लहान आहेत.’

‘मग भाऊ, तुम्ही कूलर घेऊ नका. दोन दिवसांत तुम्हाला कोंदायला लागेल. खिडकीच्या वर एक्झॉस्ट बसतोय का बघा. तो बसला तर दारावर जाळी लावून कूलर चालेल.’

ते गेले, आठ दिवसांनी एक्झॉस्ट बसवून परत आले आणि ८,१९९ चा कूलर घेऊन गेले. नसते आले तरी दुकानाचं काही बिघडलं नसतं. मागच्या वर्षीच्या ११ फेऱ्या वहीत लिहिलेल्या आहेतच.

पाण्याचा प्रश्न घोडबंदर पट्ट्यासाठी. तिथे उन्हाळ्यात कित्येक सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवर चालतात. जड पाण्याने पॅडवर पांढरा क्षार चढतो. पॅड हातात घ्या, कडा बोटाने दाबा. खडूसारखी पूड निघाली तर पॅडची भोकं बुजायला लागली आहेत, हवा कमी येणार आणि पंपावर ताण पडणार. अशा घरी टाकी दर तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करायला सांगायचं, नुसतं वरून पाणी भरत राहायचं नाही, कारण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातो. मनपाचं पाणी असलं तरी आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून पुसायचीच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. ‘आठवड्याचा कोरडा दिवस’ असं स्टिकर आम्ही प्रत्येक टाकीच्या झाकणावर चिकटवलं. पंपाच्या तक्रारींनाही याचा फायदा होतो, कारण पंप अडकतो तो बहुधा गाळाने.

सहावी पायरी: जाहिरात आणि वेळापत्रक

इथवर आलात की लिहायला फार उरत नाही. दुकानाबाहेर एक काळा फळा लावला. तीन-चारशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं डिजिटल यंत्र सावलीत टांगलं, दुसरं चालू कूलरच्या जाळीसमोर. रोज दुपारी २ वाजता दादा खडूने लिहायचे: ‘आज बाहेर ३७. ओलावा ३५ टक्के. कूलरच्या तोंडाशी २८.’ दमट दिवशीही जे असेल तेच लिहायचं ठरलं होतं. एके दिवशी ओलावा ६८ होता आणि दादांनी खाली लिहिलं, ‘आज कूलर कमी गार करेल. खिडकी उघडी ठेवा, पंप बंद करून नुसता पंखा चालवा.’ त्या फळ्याचा फोटो रस्त्यावरच्या लोकांनी आपणहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा तो फळा जास्त लोकांपर्यंत गेला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज. त्यात विक्री नव्हती:

‘नमस्कार. मागच्या वर्षी आमच्याकडून घेतलेला कूलर बाहेर काढायची वेळ झाली. पॅड कडक किंवा पांढरं झालं असेल तर फोटो पाठवा, बदलायला हवं की धुऊन चालेल ते सांगतो. मार्चमध्ये मेकॅनिक मोकळा आहे, एप्रिलमध्ये थांबावं लागेल.’

शेवटच्या वाक्याने काम केलं. एप्रिलच्या तक्रारींतला एक भाग मार्चमध्ये उरकला गेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्रकं, फक्त वर्तकनगर, लोकमान्यनगर, नौपाडा, वागळे या पट्ट्यात, जिथे मेकॅनिक सात घरं करू शकतो. पाडव्याला किंमत उतरवली नाही, फक्त डिलिव्हरीला जास्तीचा टेम्पो ठेवला. रस्त्यावर बॅनर लावायचा असेल तर मनपाची परवानगी घ्या. आम्ही सोसायटीच्या सूचना फलकावर सेक्रेटरींना विचारून कागद लावले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गारव्याच्या सगळ्या ओळी काढल्या. उरलेल्या मालाचं काय, हा दादांचा प्रश्न होता. अक्षय तृतीयेपर्यंत विकले गेले ते गेले. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘या महिन्यात फारसा गार करणार नाही, पुढच्या मार्चसाठी घेत असाल तर घ्या’ असं सांगून ७,९९९ ला दिला. तोटा दिसतो, पण खरेदीत अडकलेले पैसे मोकळे झाले, आणि पावसाळाभर गोदामात मोठी खोकी ठेवायचं भाडं वाचलं. असे १४ नग होते. एकूण विक्री झाली २८२.

हंगामात काय बघत राहायचं

रोज रात्री वहिनी वहीत दोनच आकडे लिहायच्या, आज किती तक्रारी आल्या आणि उद्या संध्याकाळी ७ नंतर किती उरतील. दुसरा आकडा सलग दोन दिवस पाचच्या वर गेला की त्या आठवड्यातली पत्रकं थांबवायची असं आधीच ठरलं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते घडलं. घोडबंदरचा शुक्रवारचा फेरा वाहतुकीत अडकला आणि सात घरं उरली. छापून तयार असलेली दोन हजार पत्रकं चार दिवस कपाटात राहिली, सात जणांना वहिनींनी स्वतः फोन केला आणि सफाई लिहून दिली. त्या आठवड्यात ३९ तक्रारी आल्या, धरलेल्या ४८ पेक्षा कमी. ‘गार हवा येत नाही’ अशा नऊ होत्या, त्यातल्या पाच ठिकाणी पंप किंवा पॅडचा खरा दोष निघाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा मेसेज गेला: टाकी रिकामी करा, पंप काढून धुवा, पॅड दोन दिवस उन्हात वाळवा, पंखा कोरडा चालवून मगच झाकण घाला, नाहीतर मार्चमध्ये बुरशीचा वास येईल. ज्यांना जमणार नव्हतं अशा ३८ घरी मुलगा जाऊन ते करून आला, प्रत्येकी १५० रुपये घेऊन. त्या ३८ जणांची नावं आणि पॅडची अवस्था वहिनींनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.